चारच्या पाढ्यातली नाडी

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, उघडून बघा. नाडीच्या रकान्यात 72, 76, 80, 84, 88 असे आकडे ओळीने सापडतील. 75 क्वचित, 83 जवळजवळ नाहीच. माणसांची हृदयं काही चारच्या पाढ्यात चालत नाहीत. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारानं गुणायचं, अशी आमची सगळ्यांची सवय. रात्रपाळीला चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी सिस्टर, तिथं एकेका मनगटाला पुरा मिनिट कोण देणार? मीही नोकरीभर हेच केलं. काही रात्री तर पेशंट गाढ झोपलेला बघून मनगटाला हात न लावताच 76 लिहिलंय. आता निवृत्त होऊन बेळगावात घरी बसले आहे म्हणून कबूल करते.

चारानं गुणण्यात गणित चुकतं असं नाही. पण गुणताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की पुढची पंचेचाळीस सेकंदं या पंधरांसारखीच जाणार. बहुतेकांची जातातही. ज्याची जात नाहीत, नेमका तोच पेशंट या गुणाकारात हरवतो.

माझ्या आत्याचं तसंच झालं. आत्याचं घर वडगावात. खाली दोन पॉवरलूम, वर राहायची खोली. तेव्हा तिचं वय एकाहत्तर, ब्लडप्रेशरची गोळी जुनी. दोन-तीन आठवडे जिना चढला की दम लागायचा, संध्याकाळी पाय सुजायचे. कोरोनात प्रत्येक घरात आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तिच्याकडंही होतं. मी गेले तर आत्यानं आधीच बोट घालून दाखवलं. ऑक्सिजन 97, पल्स 84.

“बघ की, सगळं बरोबर दाखवतंय,” आत्या म्हणाली. “मग दम कशाचा लागूलाय?”

मी तिचं मनगट धरलं आणि मला काहीच कळेना. खाली माग चालू होते. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि त्या खटखटीनं सगळी फरशी हलत होती. अशा ठिकाणी नाडी बघणं फार अवघड जातं, कारण आपलं बोट मनगटातला ठोका सोडून बाहेरच्या ठोक्याला जाऊन मिळतं. धावत्या जीपमध्ये, बँजो वाजणाऱ्या लग्नघरात मला हाच अनुभव आलाय. मी जिन्यातूनच आत्याच्या यजमानांना हाक मारली, “मामा, दोन मिनिटं माग बंद करा.” मामांनी खटका पाडला. घर गप्प झालं आणि मग आत्याची नाडी हाताला लागली.

ती कशी होती ते सांगण्याआधी मी नाडी कशी बघते ते सांगते, कारण सगळं तिथंच आहे. पेशंटचा हात उशीवर नाहीतर मांडीवर सैल ठेवायचा, तळवा वर, मनगट किंचित वाकलेलं. अंगठ्याच्या मुळापासून थोडं खाली, बाहेरच्या हाडाच्या आतल्या अंगाला एक खाच असते. तिथं तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींची टोकं ओळीनं ठेवायची. आपला अंगठा वापरायचा नाही, त्यात स्वतःचीच नाडी उडत असते आणि ती पेशंटची वाटू शकते. फार दाबलं तर शीर बंद होते, फार हलकं धरलं तर बारीक ठोके निसटतात. आधी दाबून ठोका घालवायचा, मग हळूहळू बोट सैल करत न्यायचं, आणि सगळ्यात ठसठशीत लागेल तिथं थांबायचं.

आणि पहिला अर्धा मिनिट घड्याळाकडं बघायचं नाही. ही माझी स्वतःची शिस्त, बरीच उशिरा लागलेली. घड्याळ समोर आलं की डोकं मोजायला लागतं, आणि मोजायला लागलं की दोन ठोक्यांमधलं अंतर आपल्या लक्षातूनच जातं. त्याऐवजी पायाचं बोट नाडीबरोबर जमिनीवर टेकवायला लागायचं. चार-पाच ठोक्यांत पाय बसला, म्हणजे पुढचा ठोका कधी येणार हे पायाला आधीच कळायला लागलं, तर नाडी नियमित. पाय बसत नसेल तर मग विचारायचं, की तो कसा चुकतोय.

चुकण्याचेही प्रकार असतात. माझा बारा वर्षांचा भाचा खेळून आल्यावर शांत बसला की त्याची नाडी लाटेसारखी लागते. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. त्याला पाच सेकंद श्वास धरायला सांगितला की लाट मोडते आणि ठोके सारखे पडायला लागतात. पोरांत आणि तरुणांत ही गोष्ट सर्रास असते, तो आजार नव्हे. दुसरा प्रकार माझ्या स्वतःच्या मनगटात आहे. ठक, ठक, ठक, मग एक ठोका गायब, जरा जास्त थांबा, आणि पुढचा ठोका दणकन. गायब झालेला ठोका खरं तर गायब नसतो. तो वेळेआधी येतो, तोवर हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून त्याचा धक्का मनगटापर्यंत पोचत नाही. नंतरच्या लांब थांब्यात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा दणका. अशा नाडीत पाय एकदा चुकतो, पण लगेच जुन्या ठेक्यावर येतो, कारण खालचा ठेका शाबूत असतो. जागरण झालं, चहा जास्त झाला की माझे असे ठोके वाढतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. पण सारखेच येत असतील, त्यासोबत चक्कर येत असेल, तर तपासून घ्यावं हे खरं.

आत्याची नाडी यांतली कुठलीच नव्हती. दोन ठोके जवळजवळ, मग एक मोठा, मग तीन घाईघाईचे आणि त्यातला मधला इतका बारीक की मधल्या बोटाला लागला, अनामिकेला नाही. मग थांबा. पुढचा आता येईल म्हणून मी पाय टेकवला तर आला नाही, नाही म्हणून सोडून दिलं तर आला. तिला श्वास धरायला सांगितलं, काही फरक नाही. मला वाटतं खरी खूण हीच, की आपला अंदाज प्रत्येक वेळी चुकतो आणि त्या चुकण्यालाही काही क्रम सापडत नाही. शिवाय ठोक्यांचं अंतरच नव्हे, जोरही कमीजास्त. हृदय दर वेळी वेगवेगळं भरतंय, म्हणून दर वेळी वेगळं ढकलतंय.

मग मात्र घड्याळ काढलं. पंधरा-पंधरा सेकंदांचे चार तुकडे केले. पहिल्यात 19, दुसऱ्यात 24, तिसऱ्यात 17, चौथ्यात 22. मिनिटाचे 82. आता बघा, पहिला तुकडा मोजून गुणलं असतं तर 76, दुसरा मोजला असता तर 96, तिसरा मोजला असता तर 68. एकाच बाईच्या एकाच मिनिटातले हे तीन आकडे, आणि तिन्ही चार्टवर ‘नॉर्मल’ म्हणूनच चढले असते. ऑक्सिमीटरही शेवटच्या काही सेकंदांची सरासरीच दाखवतं. नीट बघत बसलो तेव्हा त्याच्या पडद्यावर 78, 91, 84, 102 अशी उड्या मारणारी रांग दिसली. पण सारखं बघत कोण बसतं? एक बरा आकडा दिसला की आपण बोट काढून घेतो.

माझा जुना स्टेथोस्कोप पर्समध्ये होता. आत्याच्या सूनबाईला मनगटावर बसवलं, मी छातीवर लावला आणि एकाच घड्याळावर दोघींनी पुरा मिनिट मोजलं. तिचे 82, माझे 106. छातीत चोवीस ठोके असे पडत होते जे मनगटापर्यंत येतच नव्हते. वॉर्डात याला पल्स डेफिसिट म्हणतात. म्हणजे ‘84 आहे, बरोबर आहे’ म्हणत असताना आत्याचं हृदय शंभराच्या वर पळत होतं, आणि दम कशाचा लागतो याचं निम्मं उत्तर त्या चोवीस ठोक्यांत होतं.

दुसऱ्या दिवशी ईसीजी निघाला. डॉक्टरांनी तो हातात घेतल्याबरोबर एक कोरा कागद त्याच्या खाली लावला, शेजारशेजारच्या दोन उंच शेंड्यांवर कागदाच्या काठाला पेन्सिलीनं खुणा केल्या आणि कागद पुढं सरकवला. खुणा पुढच्या शेंड्यांवर बसेनात. आणखी पुढं सरकवला, तिथंही बसेनात. माझ्या पायानं जे केलं तेच त्यांनी कागदानं केलं. शिवाय प्रत्येक शेंड्याच्या आधी जी एक छोटी गोल टेकडी असते ती कुठंच नव्हती, तिच्या जागी नुसती थरथर. एट्रियल फिब्रिलेशन.

मामांना ते समजावताना मी कोगनोळीचा नाका घेतला. हृदयाचे वरचे दोन कप्पे एरवी एका इशाऱ्यावर आकसतात. या आजारात ते मिनिटाला साडेतीनशेच्या वर, कधी सहाशेपर्यंत, नुसते थरथरतात. हे सगळे इशारे खाली गेले तर माणूस जगणार नाही. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक गाठ असते, ती नाक्यासारखी काम करते. कोरोनात कोगनोळीला कसं होतं, निपाणीकडनं कागलकडनं गाड्यांची ही रांग, आणि पोलीस कधी दोन सोडायचे, कधी पाच, कधी कुणालाच नाही. खालचे कप्पे तसे मिळेल त्या इशाऱ्यावर चालतात, म्हणून मनगटात लय नाही. वरचे कप्पे धड आकसत नाहीत म्हणून त्यातलं रक्त साचतं, विशेषतः डाव्या कप्प्याला जो कानासारखा कोपरा असतो तिथं. साचलेल्या रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली की लकवा. अशा माणसाला लकव्याचा धोका साधारण पाचपट धरतात. म्हणून नाडीचा वेग कमी करायची गोळी वेगळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी वेगळी, आणि दुसरी जास्त महत्त्वाची.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “धोटा पेटीत पोचायच्या आधीच ठोका पडतो, तसं.” तसंच अगदी नव्हे, पण मी दुरुस्त केलं नाही. पन्नास वर्षं मागावर काढलेला माणूस. वर जेवत बसलेला असला तरी खालच्या दोनपैकी कुठला माग बिघडायला लागलाय ते आवाजावरून सांगतो.

मामांच्या या बोलण्यानं मला मॅकेंझी आठवला. जेम्स मॅकेंझी हा स्कॉटिश डॉक्टर 1879 पासून इंग्लंडमधल्या बर्नली या गावात जनरल प्रॅक्टिस करायचा, आणि बर्नली म्हणजे सुती कापडाच्या मागांचं गाव. त्यानं मनगटातली नाडी आणि मानेतल्या शिरेची लाट एकाच वेळी कागदाच्या पट्टीवर उमटवणारं यंत्र बनवून घेतलं आणि तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं बघत अनियमित नाड्यांची वर्गवारी केली. कुठली साधी, कुठली गंभीर. पूर्ण बेताल नाडी असलेल्या माणसाच्या मानेतली वरच्या कप्प्याची लाट नाहीशी होते हे त्याला दिसलं होतं. तो प्रकार म्हणजे फिब्रिलेशन, हे पुढं 1909 मध्ये थॉमस लुइसनं ईसीजीवर दाखवलं. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही नाडी सापासारखी, बेडकासारखी, हंसासारखी चालते असं म्हटलंय. त्यांच्या निदानाशी माझं काही घेणंदेणं नाही, पण त्यांनी नाडीची चाल बघितली, आकडा नव्हे, हे मला आवडतं.

बोटांवर जास्त भिस्तही ठेवू नये. बेताल नाडी बोटाला सहसा चुकत नाही, पण बेताल वाटलेल्या प्रत्येक नाडीत हा आजार निघत नाही. माझ्यासारख्या गायब ठोकेवाल्यांचीही त्यात भर पडते, म्हणून शेवटचा शब्द ईसीजीचाच. नाडी फार पळत असली, एकशे तीस-चाळीसच्या वर, तर ठोके इतके जवळ येतात की बेतालपणा बोटाला कळत नाही. काहींना हा झटका येतो आणि जातो. आपण मनगट धरतो तेव्हा नाडी शहाण्यासारखी चाललेली असते. आमच्या वॉर्डात एक आजी यायच्या. “सिस्टर, एदी ढवढव अन्नाकत्तैत्रि,” म्हणजे छाती धडधडतेय, असं कन्नडमध्ये म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी नाडी सरळ. तिसऱ्या खेपेला ढवढव चालू असतानाच आल्या, म्हणून सापडलं.

आत्याच्या हृदयाची ताकदही सोनोग्राफीत थोडी कमी निघाली. गोळ्या ठरल्या. रक्त पातळ ठेवायची एक, वेग कमी करायची एक, लघवीची एक, आणि शिवाय तो मधला नाका आवळून धरणाऱ्या डिगॉक्सिनची, पाव मिलिग्रॅमच्या गोळीतली अर्धी, आठवड्यातून पाच दिवस. तीन आठवड्यांत सूज उतरली, आत्या जिना चढायला लागली. ऑक्सिमीटर 72 दाखवायला लागलं. लगेच शेजारच्या एकानं सल्ला दिला, नाडी बहात्तर म्हणजे अगदी निरोगी माणसाची, आता ती रक्त पातळ करायची गोळी कशाला खायची? मी मामांना बसवलं, त्यांची तीन बोटं आत्याच्या मनगटावर ठेवली आणि म्हटलं, पाय टेकवा. मामांचा पाय दोन मिनिटं चाचपडत राहिला. “बसत नाही की गं,” म्हणाले. नाही बसणार. वेग आवरला होता, लय तीच होती, गुठळीची भीतीही तीच. गोळी चालू राहिली. मामांना मात्र नाद लागला. रोज सकाळी माग चालू करायच्या आधी आत्याचं मनगट धरायचे आणि पाय टेकवायचे.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस सकाळी मामांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “अगं, सरळ झाली! आज पाय बसला, अगदी चांगल्या मागासारखा. आपल्या गोळ्यांनी काम केलं बघ.”

माझ्या पोटात खड्डा पडला. विचारलं, मिनिटाला किती? त्यांनी मोजलंच नव्हतं. फोनवरच मोजायला लावलं. पंधरा सेकंदांत अकरा, परत अकरा, परत अकरा. मिनिटाला 44. आत्या कशी आहे? तर चार दिवस जुलाब, काल दोनदा उलटी, जेवण नको म्हणते, पडून आहे. लघवीची गोळी? चालू. डिगॉक्सिन? चालू. कुणी काही बंद केलेलं नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला घोकून घेतलेलं असतं, की डिगॉक्सिन द्यायच्या आधी पुरा मिनिट मोजा आणि 60 च्या खाली असेल तर देऊ नका, डॉक्टरांना कळवा. मामांना लय शिकवण्याच्या भरात मी हा साधा आकडा सांगायचाच विसरले होते.

रिक्षानं नेलं. जाताना मी तिचं मनगट धरून होते. प्रत्येक ठोका सारख्या अंतरावर, सारख्या जोराचा, सावकाश. कुठल्याही परीक्षेत नियमित म्हणून लिहिली असती अशी ती नाडी. ईसीजीवर खालची थरथर तशीच होती, वरच्या टेकड्या परत आल्या नव्हत्या, पण उंच शेंडे मात्र मोजून मापून सारख्या अंतरावर. म्हणजे वरचा गोंधळ मिटलेला नव्हता. मधला नाकाच पुरता बंद झाला होता आणि खालचं हृदय स्वतःच्या जोरावर, स्वतःच्या मंद गतीनं चालत होतं. जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, मूत्रपिंड मंदावलं, आणि जे डिगॉक्सिन लघवीवाटे बाहेर पडायचं ते साचत गेलं. उलटी आणि नकोसं झालेलं जेवण हेही त्याचंच, आम्ही सगळे पोटाच्या नावावर घालून मोकळे झालो होतो. ज्याची नाडी कायमची बेताल आहे हे माहीत आहे, त्याची एकाएकी सरळ आणि मंद झाली तर आनंद मानायच्या आधी दवाखाना गाठावा.

आत्याला मॉनिटरवर ठेवलं, डिगॉक्सिन आणि वेगाची गोळी बंद, हळूहळू सलाइन. हे औषध एका दिवसात उतरत नाही, मूत्रपिंड थकलेलं असलं तर आणखीच वेळ घेतं. पहिल्या रात्री 42, दुसऱ्या दिवशी 46, तिसऱ्या दिवशी 50, आणि प्रत्येक वेळी तीच सारख्या अंतराची चाल. मॉनिटर डोक्यावर टूं टूं करत असताना मामा तिचं मनगट सोडत नव्हते. तिथल्या पोरगेल्या सिस्टरनं एकदा त्यांना सांगितलं, “अज्जा, वर दिसतंय की आकडा.” ते नुसते हसले.

चौथ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तर मामा स्टुलावर बसले होते, चप्पल काढून, उजवा पाय जमिनीवर. तीन बोटं मनगटावर. पाय उचलला, थांबले, टेकवला, चुकला, परत उचलला. वर मॉनिटरवर 68, 81, 74.

“बिघडली बघ परत,” मामा म्हणाले, आणि चप्पल शोधत खाली चहा सांगायला गेले.